सोसायटीच्या वाचन कोपऱ्यात खेळ उसने द्यायचे आहेत, सूचनेचा मसुदा तपासून द्याल का?

मेहरूणकाठ

नमस्कार. आमची जळगावची 42 फ्लॅटची सोसायटी. तळमजल्यावर जिन्याच्या बाजूला दोन कपाटं आहेत, एकात पुस्तकं आणि दुसऱ्यात लोकांनी दिलेले खेळ. एप्रिलपासून मामाच्या गावाला आलेली पोरं धरून मुलांची संख्या दुप्पट होते. दुपारी 44-45 अंशांत कोणी बाहेर सोडत नाही, त्यामुळे खेळांना खूप मागणी असते.

गेल्या वर्षी सूचना एका ओळीची होती: "खेळ न्या, आठवड्यात परत करा, तुकडा हरवल्यास 50 रुपये." त्यातून जे झालं ते मला पुन्हा होऊ द्यायचं नाही. कॅरमच्या सोंगट्या तीन घरांत फिरून आल्या. तिसऱ्या घरातून परत आल्या तेव्हा मी मोजल्या, दोन काळ्या कमी. त्या घरच्या ताईंनी काही न बोलता 100 रुपये दिले. दीड महिन्यानं पहिल्या घरी सोफा हलवला तेव्हा दोन्ही सोंगट्या तिथं मिळाल्या. मी पैसे परत केले, माफी मागितली, पण त्या ताई आणि त्यांची मुलगी पुन्हा कोपऱ्याकडे आल्या नाहीत. चूक माझी होती, कारण मी मधल्या दोन वेळा मोजलंच नव्हतं.

या वर्षीचा मसुदा असा:

*उपलब्ध खेळ: कॅरम, बुद्धिबळ (2), ल्युडो-सापशिडी, व्यापार, डॉमिनो, स्क्रॅबल, जेंगा, पत्ते (4 जोड), 500 तुकड्यांचं चित्रकोडं.*
*मुदत 7 दिवस. अनामत 100 रुपये. उशीर झाल्यास रोज 5 रुपये. तुकडा हरवल्यास 50 रुपये.*

मला मुख्य अडचण शेवटच्या वाक्याची आहे. ज्यानं हरवलं नाही त्याच्यावर आळ येऊ नये, असा नियम कसा लिहायचा?

भुसावळकर

ताई, सोपं आहे. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू कोणी मोजत बसतं का? वजनावर देतात. प्रत्येक डब्यावर मार्करनं वजन लिहा, देताना काट्यावर ठेवा, घेताना काट्यावर ठेवा. कमी भरलं तर दंड, आणि तो सरळ मेंटेनन्सच्या बिलात टाका. वाद घालायला जागाच राहत नाही.

धुळेवाली

आमच्याकडेही असाच ताप झाला होता. क्रिकेटचं किट सोसायटीचं, चेंडू लागून दुसऱ्या मजल्यावरची काच फुटली, आणि किट ज्याच्या नावावर नेलं होतं त्याच्या वडिलांकडून काचेचे पैसे मागितले. वास्तविक फटका मारणारा पोरगा दुसऱ्याच विंगचा. तुमच्या सूचनेत "खेळताना झालेल्या नुकसानीची जबाबदारी कोणाची" हे घाला. बॅट आणि स्टंप वेगळे द्यायचे की एकत्र, तेही लिहा.

मेहरूणकाठ

धुळेवाली ताई, आमच्याकडे फक्त घरात बसून खेळायचे खेळ आहेत, बॅट-बॉल नाही. पण नाव एकाचं आणि खेळणारे दुसरेच, हे आमच्याकडेही होतं. ते लक्षात ठेवते.

भुसावळकर भाऊ, वजनाची कल्पना पटतेय. घरी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आहे. उद्या करून बघते.

चोपडेकर

थांबा ताई, सगळे डबे वजन करायच्या आधी एक अनुभव सांगतो. मी शाळेच्या ग्रंथालयात 26 वर्षं होतो आणि त्यातली बरीच वर्षं खेळांचं कपाटही माझ्याकडे होतं. मीसुद्धा वजनाचा प्रयोग केला होता. व्यापाराचा डबा मे महिन्यात 640 ग्रॅम भरला. जुलैत तोच डबा 661 ग्रॅम. आत एकही वस्तू वाढली नव्हती. पुठ्ठा आणि कागद पावसाळ्यात हवेतला ओलावा घेतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत होतात. आता समजा जुलैत नेलेला डबा ऑक्टोबरात परत आला आणि वजन 15 ग्रॅमनं उतरलं, तर तुम्ही कोणाला विचारणार? पुन्हा निर्दोष माणसावरच आळ.

पत्त्यांचंही तेच. एक पान दोन ग्रॅमही भरत नाही, आणि अख्खा जोड हवेनं त्याहून जास्त हलू शकतो.

वजन चालतं ते फक्त एका ठिकाणी: पुठ्ठ्याबाहेर, वेगळ्या पिशवीत ठेवलेल्या, एकसारख्या, जरा जड वस्तूंना. स्पर्धेच्या मापाची कॅरमची सोंगटी 5 ते साडेपाच ग्रॅम असते, म्हणजे 19 सोंगट्या साधारण 100 ग्रॅम. एक गेली की काटा पाच ग्रॅमनं खाली येतो आणि ते दिसतं. पण घरगुती लहान बोर्डाच्या सोंगट्या हलक्या असतात, म्हणून दुसऱ्याचा आकडा वापरू नका, आपल्या संचाचं वजन आपणच घ्या. लाकडी असतील तर दोन-एक ग्रॅमचा फरक हवेचाच समजा.

मग मी वजन सोडलं आणि दुसरी रीत धरली. खेळ मोजून घ्यायचा नाही, मांडून घ्यायचा. बहुतेक खेळांना स्वतःची मांडणी असते आणि त्यात रिकामी जागा आपोआप दिसते.

कॅरमच बघा. मध्ये राणी, तिच्याभोवती सहा, त्याभोवती बारा. एक आणि सहा आणि बारा, झाल्या एकोणीस. फूल पूर्ण झालं नाही तर सोंगटी कमी, आणि काळ्या-पांढऱ्या नऊ-नऊ लावताना कोणत्या रंगाची ते कळतं. स्ट्रायकर वेगळा ठेवा, तो फुलात येत नाही म्हणून हमखास विसरतो.

बुद्धिबळ पटावर लावलं की 32 मोहरे झाले. ल्युडोच्या 16 सोंगट्या चार घरांत चार-चार. जेंगाचे 54 ठोकळे तीन-तीनचे 18 थर. स्क्रॅबलच्या 100 टाइल पटावरच दहा बाय दहाच्या चौकोनात उलट्या लावा. त्यातल्या दोन कोऱ्या असतात, पोरांना वाटतं अक्षर पुसलंय आणि ती टाकून देतात, म्हणून डब्याच्या झाकणावर "2 कोऱ्या" असं लिहून ठेवा. पत्ते चार रांगांत तेरा-तेरा, जोकर बाजूला.

मसुद्यात तुम्ही खेळांची नुसती नावं लिहिली आहेत. नावापुढे किती आणि कसं मांडायचं ते लिहा. मग सूचना वाचणाऱ्यालाच मोजणी येते.

भुसावळकर

सर, पुठ्ठ्याचं वजन बदलतं हे मला माहीत नव्हतं. मान्य. पण डॉमिनोला कुठं मांडणी असते? त्या तर नुसत्या ठोकळ्यांच्या ढिगातून उचलायच्या असतात. आणि व्यापारात नोटा किती असायच्या, हे तर नवीन डब्यावरसुद्धा धड लिहिलेलं नसतं.

चोपडेकर

डॉमिनोची सगळ्यात चांगली असते. शून्य ते सहा ठिपक्यांचा नेहमीचा संच 28 ठोकळ्यांचा. पहिल्या रांगेत कोऱ्याचे सात: 0-0, 0-1 असं 0-6 पर्यंत. दुसऱ्या रांगेत 1-1 पासून 1-6 पर्यंत सहा. मग पाच, चार, तीन, दोन, आणि शेवटी एकटा 6-6. पायऱ्यांसारखा त्रिकोण तयार होतो. एक कमी असेल तर नुसतं "27 आहेत" एवढंच कळत नाही, नेमका कोणता गेला तेही कळतं. हरवलेली वस्तू शोधायला सांगताना हे फार उपयोगी. "3-5 चा ठोकळा शोध" म्हटलं की मूल शोधतं. "एक ठोकळा कमी आहे" म्हटलं तर घरचे म्हणतात, आमच्याकडून नाही गेला.

व्यापाराबद्दल तुमचं बरोबर. नोटा मोजू नका, त्या फाटणार आणि कमी होणारच. शहरांची कार्डं, घरं आणि फासे एवढंच तपासा. नोटा कमी पडल्या तर पोरं चिठ्ठ्यांवर आकडे लिहून खेळतात.

आणि चित्रकोडं हा माझ्या रीतीचा अपवाद आहे. 500 तुकडे परत घेताना कोणी लावून बघणार नाही, वजनाचाही उपयोग नाही कारण एक तुकडा जेमतेम ग्रॅमभर. तिथं नेणाऱ्याच्या शब्दावर चालायचं. पूर्ण लावल्यावर फोटो काढून पाठवायचा आणि झाकणाच्या आत लिहायचं, "पूर्ण" किंवा "आकाशातला एक नाही."

मेहरूणकाठ

सर, मनापासून आभार. कॅरमचं फूल तर लहानपणापासून मांडतेय, पण ती मोजणी आहे हे कधी डोक्यात आलं नाही.

आता माझा मूळ प्रश्न. मांडून घेतलं तरी कोणी रात्री दहाला डबा कपाटापाशी ठेवून गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं कोणी उचलून नेलं, तर? गेल्या वर्षी दुसऱ्या घरानं नेमकं तेच केलं होतं.

चोपडेकर

मग गेल्या वर्षीचं प्रकरण तारखांनिशी लावून बघू. तारखा मी धरतो. पहिल्या घरानं 10 तारखेला सोंगट्या नेल्या, 16 ला आणल्या, कोणी मांडल्या नाहीत. दुसऱ्यानं 16 ला नेल्या, 22 ला रात्री कपाटापाशी ठेवल्या. तिसऱ्यानं 23 ला उचलल्या, 29 ला तुमच्या हातात दिल्या, आणि मोजणी तिथं पहिल्यांदा झाली. म्हणजे 10 ते 29 या एकोणीस दिवसांत त्या कधीही गेलेल्या असू शकतात आणि तीन घरांपैकी कोणाकडेही. सापडल्या शेवटी पहिल्याकडेच, पण 29 तारखेला ते कोणालाच कळणं शक्य नव्हतं. दंड मात्र तिसऱ्याला, कारण मोजणी तिथं झाली.

आता फक्त एक बदल करा. 16 तारखेला परत घेताना फूल मांडलं असतं तर दोन जागा तेव्हाच रिकाम्या दिसल्या असत्या, आणि समोर पहिलं घरच उभं असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या घराचं नावच आलं नसतं.

म्हणून दोन वाक्यं लिहा. एक: खेळ ठरलेल्या वेळी, हातात, मांडून दाखवूनच परत होतो. कपाटापाशी ठेवला तर तो अजून तुमच्याच नावावर आहे. दोन: नेल्यावर घरी पुन्हा मांडा आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत कमी असल्यास कळवा, त्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. हे दुसरं वाक्य त्या ताईंसारख्या माणसांसाठी आहे. परत घेणाऱ्याकडूनही चूक होते, घाईत तोही नीट बघत नाही.

पाचोरेकर

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे म्हणून एक सांगतो. भुसावळकर म्हणाले तसं दंड मेंटेनन्सच्या बिलात टाकू नका. बिलात काय लावायचं हे उपविधी आणि सर्वसाधारण सभेचा ठराव ठरवतो, वाचन कोपरा सांभाळणारी मंडळी नाही. एखाद्यानं हिशेब तपासणीत विचारलं तर 50 रुपयांसाठी उत्तर देत बसाल. अनामत वेगळ्या वहीत, हातोहात, सहीनिशी घ्या आणि परत करा.

आणि भाडेकरूंचं काय? आमच्याकडे एक भाडेकरू स्क्रॅबल घेऊन बदलीच्या गावी गेला. त्यानंतर समितीनं ठरवलं की खेळ फक्त मालकांना. मला ते आजही पटत नाही, पण ठराव झाला.

मेहरूणकाठ

भाडेकरूंना वगळायचं नाही, हे माझं पक्कं आहे. गेल्या वर्षी सर्वांत जास्त खेळ नेणारी दोन्ही मुलं भाड्याच्या घरातली होती.

रावेरची

माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. कॅरमसोबत पावडरचा डबा देणार आहात का? गेल्या महिन्यात शेजाऱ्यांकडे तिनं ती पावडर बोटानं चाटली आणि आम्ही डॉक्टरांकडे पळालो. काही झालं नाही, पण रात्रभर झोप लागली नाही. घरातली टाल्कम पावडर वापरली तर चालणार नाही का?

भुसावळकर

टाल्कम चालते, आम्ही लहानपणी तीच वापरायचो. एकदम गुळगुळीत.

चोपडेकर

टाल्कम पहिली पाच मिनिटं गुळगुळीत वाटते, मग दाबून बोर्डाला बसते. दमट हवेत तर पुसायलाही कठीण. कॅरमची पावडर दाणेदार असते, सोंगटी त्या दाण्यांवरून सरकते. पण रावेरच्या ताईंची भीती रास्त आहे. कॅरमची पावडर बहुतेक वेळा बोरिक असते आणि ती पोटात जाणं मुलांना घातक. त्यामुळे ती डब्यात देऊच नका. नेताना मोठ्या माणसाच्या हातात कागदाच्या पुडीत चमचाभर द्या, पुडीवर "खायची नाही" लिहा, आणि ज्या घरात रांगतं मूल आहे तिथं खेळून झाल्यावर बोर्ड आणि खालची फरशी दोन्ही पुसायला सांगा. बोर्ड मात्र कोरड्या फडक्यानंच.

टाल्कमनंही धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या छातीत जाणं चांगलं नाही, म्हणून तोही उपाय म्हणून सांगणार नाही.

बोर्डाचं एक राहिलं. नेणारे लोक बोर्ड गॅलरीत उन्हाकडे टेकवून ठेवतात. आपल्या मे महिन्यात आठवडाभरात प्लाय वाकतो. परत घेताना एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरा ताणून धरा. मध्ये फट दिसली किंवा दोरा मध्येच टेकला तर बोर्ड वाकला. हे एकदा तरी आजच बघून वहीत लिहून ठेवा, नाहीतर वाकलेल्या बोर्डाचा आळ पुढच्या माणसावर.

आबा_अमळनेर

ताई, आमनाकडे आखाजीले पत्ता खेळतस, हाई तुमले माहीत शे. तुमच्या सूचनेत चार जोड पत्ते आहेत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात ते कोणाच्या घरी जातील आणि तिथं काय लावून खेळतील, हे तुम्ही बघणार का? सोसायटीच्या शिक्क्याचे पत्ते पैशावर खेळताना सापडले तर नाव सोसायटीचं. माझं मत, तो आठवडा पत्ते कुलपात ठेवा.

धुळेवाली

आबा, आखाजीला माहेरी आलेल्या मुली झोका आणि पत्ते याचीच तर वाट बघतात. आम्ही बहिणी रात्रभर मेंढीकोट खेळतो, एक रुपयासुद्धा न लावता. पुरुषांच्या डावासाठी बायकांचे पत्ते का बंद?

आबा_अमळनेर

पोरी, तुझं म्हणणं खोटं नाही. पण मी आमच्या गल्लीत त्या दिवसांत महिन्याची कमाई जाताना बघितली आहे. आणि पत्ते लिहून देताना कोण काय लावणार हे विचारता येत नाही.

पाचोरेकर

"पैसे लावून खेळू नये" एवढी ओळ लिहावी, पुढचं त्या-त्या घरावर सोडावं. कुलूप लावलं तर दुकानातून जोड आणायला कितीसे पैसे लागतात?

चोपडेकर

यावर मी मत देत नाही, माझ्या शाळेत पत्ते कपाटातच नव्हते. दंडाबद्दल मात्र बोलतो. सरसकट 50 रुपये चूक आहे. जेंगाचा एक ठोकळा गेला तर खेळ तसाच चालतो. बुद्धिबळाचं प्यादं गेलं तर शर्टाचं बटण ठेवून महिनाभर चालतं. पण कॅरमच्या दोन सोंगट्या गेल्या की संपलं, कारण नव्या संचातल्या दोन जुन्यात घातल्या तर त्यांचं वजन आणि गुळगुळीतपणा वेगळा, आणि पोरांना दुसऱ्या डावात ते कळतं. डॉमिनोचा एक गेला तर पुठ्ठ्याचा करता येत नाही, उलटा पडला तरी ओळखू येतो. म्हणून विचारायचं एवढंच की खेळ चालू राहतो का. राहत असेल तर काही घेऊ नका. राहत नसेल तर आधी दहा दिवस शोधायला द्या, मग नव्या संचाची अर्धी किंमत.

भुसावळकर

अर्धीच का? हरवलं त्यानं पूर्ण द्यावी.

चोपडेकर

तीन वर्षं वापरलेल्या संचाचा नवा संच आला तर सगळ्यांचा फायदा झाला ना? पण यात दोन मतं असू शकतात, समितीनं ठरवावं.

मेहरूणकाठ

सगळ्यांचं घेऊन लिहिलंय. काल संध्याकाळी लावलेली सूचना:

*वाचन कोपरा: घरी नेण्याचे खेळ*

*कॅरम: सोंगट्या 19 (राणी 1, काळ्या 9, पांढऱ्या 9), स्ट्रायकर 1. फूल मांडून बघा.*
*बुद्धिबळ, 2 संच: मोहरे 32. पटावर लावा.*
*ल्युडो-सापशिडी: सोंगट्या 16, फासा 1. चार घरांत चार-चार.*
*डॉमिनो: 28. पायऱ्यांचा त्रिकोण, चित्र झाकणाच्या आत.*
*स्क्रॅबल: टाइल 100, त्यात 2 कोऱ्या. दहा बाय दहा.*
*जेंगा: 54. तीन-तीनचे 18 थर.*
*व्यापार: शहरांची कार्डं, घरं, फासे. नोटा मोजत नाही.*
*पत्ते: 52. चार रांगा.*
*चित्रकोडं: 500. पूर्ण लावल्यावर फोटो पाठवा.*

*मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी 6 ते 7.30 या वेळेत देणं-घेणं. एका घराला एका वेळी एक खेळ, एक आठवडा. कोणी वाट बघत नसेल तर आणखी एक आठवडा. मालक आणि भाडेकरू दोघांनाही.*

*परत करताना आमच्यासमोर मांडून दाखवा. कपाटापाशी ठेवलेला खेळ तुमच्याच नावावर राहील.*

*घरी नेल्यावर तुम्हीही मांडा. कमी असल्यास दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत कळवा. ती जबाबदारी तुमची नाही.*

*हरवलेलं शोधायला दहा दिवस. घरात कोणाच्याही खेळाचा तुकडा सापडला तर लिफ्टजवळच्या डब्यात टाका. नाव विचारणार नाही.*

*कॅरमची पावडर फक्त मोठ्यांच्या हातात. खायची नाही. बोर्ड उन्हात ठेवू नका.*

उशिराचे रोज 5 रुपये काढून टाकले. 100 रुपयांची अनामत ठेवली आहे, वेगळ्या वहीत. अर्धी की पूर्ण किंमत, हे रविवारी समितीपुढे मांडणार आहे. पत्त्यांच्या ओळीत सध्या पैशांबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आबा आणि धुळेवाली ताई दोघांचंही मला खरं वाटतं, म्हणून तेही रविवारीच.

रावेरची

पावडरची ओळ लाल शाईनं लिहा ताई. आणि जेवढ्या उंचीवर मुलं वाचतील तेवढ्याच उंचीवर सूचना लावा.

मेहरूणकाठ

आजच खाली घेतली, लाल शाईनं.

शनिवारी पहिली देवाणघेवाण झाली. कपाट उघडण्याआधी आम्ही सगळे खेळ एकदा मांडले, कारण कोणालाही देण्याआधी आपलंच किती आहे ते कळायला हवं. दुसरीतल्या एका मुलीनं डॉमिनोचा त्रिकोण लावला. तीन ठिपक्यांच्या रांगेत 3-3, 3-4 आणि मग थेट 3-6. ती म्हणाली, "काकू, 3-5 नाही." आम्ही ल्युडोचा डबा उघडला तर फाशाच्या पिशवीत तो होता. गेल्या वर्षी डॉमिनो नेणाऱ्या शेवटच्या घराकडून मी त्या ठोकळ्याचे 50 रुपये घेतले होते. वहीत नाव आहे, उद्या त्यांच्याकडे जाते.